कॅप्सूलसारखी दिसते, पण गिळायची नाही

"इनहेलरची कॅप्सूल चुकून गिळली तर काय होतं? शेवटी औषध पोटातच जाणार ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमच्या काकूंनी हेच केलं होतं, तब्बल बारा दिवस. दम लागायचा म्हणून डॉक्टरांनी टायोट्रोपियम दिलं, रोज एक कॅप्सूल, आणि काकू ती बीपीच्या गोळीबरोबर पाण्याने घ्यायच्या. दम काही कमी होईना. मी स्ट्रिप बघितली तर कॅप्सूल बरोबर मोजून संपत होत्या, आणि ओढायचं मशीन मात्र खोक्यात प्लास्टिकसकट तसंच पडलेलं! "ते जास्तीचं काहीतरी दिलंय वाटलं," म्हणाल्या. त्यांची काय चूक, दिसायला ती अगदी साधी कॅप्सूलच असते.

आता आत काय असतं बघा. साधारण साडेपाच मिलिग्रॅम पावडर, त्यातलं औषध फक्त 18 मायक्रोग्रॅम, बाकी जवळजवळ सगळी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. एवढंसं औषध पुरतं कारण ते थेट श्वासनळ्यांवर जाऊन बसतं. गिळलं तर शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग रक्तात उतरतात, आणि फुप्फुसात जायला हवं ते जातच नाही. म्हणून गिळल्यावर विषबाधा वगैरे सहसा होत नाही, त्रास होतो तो औषध न मिळाल्याचा, आणि तो कळत नाही कारण माणूस म्हणतो मी तर रोज घेतोय. हे एकट्या काकूंचं नाही हो, 2008 साली अमेरिकेच्या एफडीएला यावर जाहीर सूचना काढावी लागली होती.

मग काकूंना समोर बसवून शिकवलं. हात कोरडे हवेत, कॅप्सूल घ्यायच्या वेळेलाच पाकिटातून काढायची (दमट हवेने पावडर चिकटते), मशीनच्या खळग्यात ठेवून झाकण बंद करायचं, बटण एकदा पूर्ण दाबून सोडायचं म्हणजे सुया तिला भोकं पाडतात. श्वास बाहेर सोडायचा पण मशीनमध्ये फुंकायचं अजिबात नाही, मग ओठ घट्ट मिटून हळू आणि खोल ओढायचं. ओढताना कॅप्सूल आत थरथरते आणि खर्रर्र आवाज येतो, तो आला नाही तर ती अडकलीय किंवा तुम्ही फार हळू ओढताय. काकूंचा पहिल्यांदा आलाच नाही, मशीन उभं धरून हलकेच टिचकी मारली, परत ओढलं, आला. मग जमेल तेवढा श्वास रोखायचा आणि त्याच कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा ओढायचं. (काही मशीनमध्ये भोकं पडत नाहीत, फिरवल्यावर कॅप्सूल उघडते, तेव्हा तुमच्या मशीनची पद्धत फार्मसिस्टकडून करून बघा.)

आणि चुकून गिळलीच तर भरपाई म्हणून लगेच दुसरी ओढू नका, आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. काकूंच्या कॅप्सूल आता गोळ्यांच्या डब्यात नाहीत, मशीनला रबरबँडने बांधून ठेवल्यात.