अडतिसाव्या वर्षी ऐंशीचा झालो, तेही मे महिन्यात

आमच्या अहिराणी लघुपटात मला ऐंशीच्या घरातला केळीवाला शेतकरी करायचा होता. मी मास्तर माणूस, वय अडतीस, सुट्टीशिवाय वेळ नाही. म्हणून शूटिंग ठरलं मे महिन्यात, चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका मळ्यात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी म्हातारे पुष्कळ केलेत. कपाळावर तपकिरी पेन्सिलीच्या रेघा, केसांना पांढरं, हातात काठी. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तेवढं पुरतं. कॅमेरा दोन हातांवर आला की मात्र रेघ ही रेघच दिसते.

नाशिकहून आलेल्या मेकअपवाल्या भाऊंनी हेच सांगितलं. "सर, तुम्ही हसलात की काढलेली रेघ आहे तशीच राहते. खरी सुरकुती हसल्यावर खोल होते, चेहरा ताणला की जवळजवळ नाहीशी होते." मग त्यांनी माझ्या वडिलांचे दोन फोटो मागवले, एक चाळिशीतला, एक सत्तरीतला. दोन्ही शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत बसले. मला वाटत होतं ते सुरकुत्या मोजताहेत. ते बघत होते मांस कुठून कुठे गेलं ते. कानशिलं आत गेलेली, गाल जबड्याकडे ओघळलेले, डोळ्यांखाली पिशव्या, वरचा ओठ पातळ, नाक आणि कानाच्या पाळ्या लांबलेल्या. सुरकुत्या लॅटेक्सने, म्हणजे पातळ रबराने, आणता येतात, पण चेहऱ्यावर जिथे भर हवी तिथे तुकडा चिकटवावाच लागतो. आमच्या पैशांत डोळ्यांखालच्या दोन पिशव्या बसत होत्या. बाकीचं लॅटेक्सवर भागवायचं ठरलं.

तुकडा माझ्याच चेहऱ्यावर नेमका बसायचा तर आधी चेहऱ्याचा साचा हवा. त्यासाठी अल्जिनेट वापरतात, दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घेताना वापरतात तीच जात. पावडर पाण्यात कालवली की थोड्या मिनिटांत घट्ट होते, आणि पाणी जितकं कोमट तितकी लवकर. चोपड्यात मे महिन्यात नळाला येणारं पाणी चहा करायच्या लायकीचं असतं. पहिलं कालवण पातेल्यातच जमलं. दुसऱ्याला बर्फाचं पाणी घेतलं तेव्हा हातात वेळ राहिला. भुवया आणि पापण्यांना व्हॅसलिन, डोळे मिटलेले, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. पट्ट्या घट्ट होताना चांगल्याच तापतात. बोलता येत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवलं होतं: अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला की लगेच काढायचं. काढलेल्या साच्यात लगोलग प्लास्टर ओतावं लागतं, कारण अल्जिनेट सुकतं तसं आक्रसतं आणि मग चेहऱ्याचं माप चुकतं. आमच्याकडच्या उन्हात तर त्याला अजिबातच थांबायला वेळ नसतो.

त्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर भाऊंनी मातीने पिशव्या घडवल्या. मधे फुगीर, कडेला येता येता इतक्या पातळ की नखाने चाचपलं तरी शेवट कळू नये. सगळं कसब या कडेत आहे. मग त्यांचा वेगळा साचा आणि त्यात सिलिकॉन. सिलिकॉनमध्ये ते नरम करणारं द्रव्य घातलं होतं, त्यामुळे तुकडा मांसासारखा लिबलिबीत झाला. बाहेरून प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा होता आणि कड त्या पडद्याचीच होती. एक गोष्ट मला नवी होती. भाऊंनी हातमोजे घालताना डबा वाचून घेतला. या प्रकारच्या सिलिकॉनला लॅटेक्सचे हातमोजे किंवा गंधक असलेली माती लागली तर ते तिथे जमतच नाही, चिकट राहतं. दिवसभराची मेहनत एका हातमोज्याने वाया जाऊ शकते.

शूटिंगच्या आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लॅटेक्सचा ठिपका लावून ठेवला. काही जणांना रबराची ॲलर्जी असते आणि ती चेहऱ्यावर लावल्यावर कळलेली परवडत नाही. मला काही झालं नाही. सकाळी गुळगुळीत दाढी केली, कारण लॅटेक्स खुंटांत धरलं की काढताना केसांसकट येतं.

पहाटे खुर्चीत बसलो. आधी पिशव्या. चिकटवायचा गोंद दुधासारखा पांढरा असतो आणि सुकला की पारदर्शक होतो. पारदर्शक झाल्याशिवाय दाबायचं नाही. तुकडा मधून बाहेर असा बसवत नेला, मग कापसाच्या काडीने अल्कोहोल फिरवून पडद्याची कड कातडीत विरघळवली. डोळ्याजवळ हे काम करताना भाऊ श्वाससुद्धा धरून ठेवत होते.

मग लॅटेक्स. झाकण काढलं की अमोनियाचा वास नाकात भिनतो, डोळे झोंबतात, म्हणून एक जण पंखा धरून उभा. पद्धत अशी. मदतनीस दोन बोटांनी कातडी ताणून धरतो, सुरकुती जिकडे पडायला हवी त्याच्या आडव्या दिशेने. भाऊ खडबडीत स्पंजने लॅटेक्सचा पातळ थर टिपतात. पुसायचं नाही, टिपायचं. ड्रायरच्या थंड हवेने सुकवायचं. ताण तसाच ठेवून वर पावडर मारायची, नाहीतर सुकलेला थर स्वतःलाच चिकटतो. मग ताण सोडायचा. कातडी मागे येते, वरचा थर आक्रसू शकत नाही, म्हणून त्याच्या घड्या पडतात. दुधावरची साय चमच्याने ढकलली की जशी गोळा होते, तशा. त्या घड्या कुठल्या जागी पडायच्या ते माझी कातडीच ठरवत होती, त्यामुळे त्या माझ्याच वाटत होत्या. असे तीन-चार थर. कपाळ वर ओढून, गाल कानाकडे ओढून, गळ्यासाठी हनुवटी आढ्याकडे करून. गळ्याला मान वर धरून बसणं सगळ्यात जीवावर येतं.

रंगाचा प्रश्न आपल्या कातडीला जास्त येतो. सावळ्या चेहऱ्यावर पांढरी पावडर आणि लॅटेक्स मिळून राखाडी छटा येते, माणूस आजारी नाही तर मेलेला दिसतो. म्हणून भाऊंनी लॅटेक्समध्येच थोडा तपकिरी रंग मिसळला होता. वरून अल्कोहोलमध्ये भिजवून वापरायचे रंग. ताठ ब्रश बोटाने झटकून लाल, तपकिरी, अगदी थोडे हिरवे शिंतोडे. जवळून बघाल तर ठिपके, हातभर लांबून बघाल तर ऊन खाल्लेली कातडी. नेहमीचा तेलकट रंग इथे चालत नाही, तेल रबर खातं.

साडेसातला मी मळ्यात आलो. मळेवाल्यांच्या आजी बांधावर बसल्या होत्या. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "यानं तोंड म्हतारं शे, पन हात जवान शेतस." भाऊंनी कपाळाला हात लावला आणि मला परत खुर्चीत बसवलं. मूठ घट्ट आवळायची, ताणलेल्या कातडीवर लॅटेक्स, सुकवणं, पावडर, मग मूठ उघडायची. पालथ्या हातावर बारीक चुण्या येतात. शिरांना निळसर-हिरवी छटा, नखांवर फिकट पिवळं. आजींनी परत बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. तेवढ्यावर पास झालो.

खरी लढाई दहानंतर सुरू झाली. केळीच्या बागेत ठिबकामुळे दमट हवा, बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस अंश. तुकड्याखालच्या आणि लॅटेक्सखालच्या कातडीला घाम येतच राहतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो सर्वात दुबळी जागा शोधतो. माझ्याकडे ती तोंडाचे कोपरे आणि नाकाशेजारची घडी होती. तिथे आधी कातडी पांढुरकी दिसते, मग बारीक फुगा येतो, मग कड उचलते. फुगा दिसला की सुईने टोचून घाम काढायचा, टिपायचं, कडेखाली गोंद घालून परत दाबायचं. उचललेली कड ओढून बघितली की संपलं. म्हणूनच भाऊंनी दिग्दर्शकाला आधीच बजावलं होतं की जवळचे शॉट सकाळी घ्या, लांबचे दुपारनंतर.

जेवणात वांग्याचं भरीत होतं, वर तेलाची तर्री. सगळ्या युनिटने मिटक्या मारल्या. मला चमच्याने दहीभात, तोंड फार न उघडता. खानदेशी माणसाला भरिताच्या वासात दहीभात खायला लावणं हा छळच आहे, पण तेल ओठाच्या कडेला लागलं असतं तर संध्याकाळचा शॉट गेला असता.

रात्री मॉनिटरवर फुटेज बघताना भाऊ मला चोरी पकडायला शिकवत होते. चेहरा स्थिर असताना फारसं कळत नाही. पात्र हसायला लागलं की डोळ्याच्या कोपऱ्याकडे बघायचं. खरी घडी तिथून पंख्यासारखी पसरते, तुकडा मात्र एकसंध ढकलला जातो. पात्र चिडलं की खऱ्या कातडीत रक्त चढतं, चिकटवलेल्या भागात चढत नाही, त्यामुळे कपाळ आणि कान लाल आणि डोळ्यांखाली तोच रंग. घामाचं तसंच. थेंब एका रेषेपर्यंत येऊन थांबतात, ती रेष म्हणजे कड. बाजूने उजेड पडला की कडेची सावलीसुद्धा दिसते. आणि नुसतं लॅटेक्स असेल तर सगळ्या चेहऱ्यावर एकाच जाडीच्या चुण्या असतात. खऱ्या चेहऱ्यावर कपाळाच्या आठ्या जाड आणि पापणीखालच्या जाळीदार, अशी सरमिसळ असते.

सिलिकॉनऐवजी फोमचे तुकडे करायच्या जुन्या पद्धतीत आणखी एक खूण असते. फोम उजेड आत घेत नाही, म्हणून उन्हात पाठमोऱ्या उजेडात चेहरा कोरडा वाटतो. सिलिकॉन थोडा उजेड आत घेतं. १९७० साली 'लिटल बिग मॅन' या सिनेमासाठी मेकअपवाले डिक स्मिथ यांनी नट डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा केला तो फोमचेच वेगवेगळे, एकावर एक येणारे तुकडे लावून. एकच अख्खा मुखवटा घातला असता तर डोळे-ओठ वेगवेगळे हलले नसते.

काढताना घाई केली की कातडी सोलवटते. कडेला काढायचं द्रव्य लावून ते आत झिरपू द्यायचं, तुकडा आपोआप सुटतो. लॅटेक्स खोबरेल तेलाने आणि गरम ओल्या फडक्याने निघालं. कानामागे आणि केसांच्या मुळाशी थोडं राहिलंच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मीटिंगमध्ये ते बोटाने चोळत बसलो होतो.

आता मालिकेत वीस वर्षांची झेप आली की बायको माझ्याकडे बघते. मी आधी मान बघतो. पात्र वळलं की चेहरा साठीचा आणि गळा पंचविशीचा निघतो, कानाची पाळी तर दहातल्या नऊ वेळा तशीच तरुण.