आमची वाटचाल : आधी चावी बदलली, इतिहास नंतर धुतला

वेबसाइट आणि बिलिंगची सॉफ्टवेअर करून देण्यापासून आम्ही सुरुवात केली. पुढे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळायची कामं येऊ लागली, आणि आज आमचं बरंचसं उत्पन्न त्यातूनच येतं. ज्या कामामुळे हे वळण आलं, ते सविस्तर सांगतो.

एका ग्राहकाचा कोड त्यांच्या आधीच्या कंत्राटदाराने गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवला होता. त्यात `.env` फाइलही कमिट झालेली. आत एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची अ‍ॅक्सेस की, डेटाबेसचा पासवर्ड आणि लॉगिन टोकनवर सही करायचं सिक्रेट होतं. एडब्ल्यूएसकडून इशाऱ्याचा मेल आला तेव्हा ग्राहकाचा आम्हाला फोन आला. "फाइल डिलीट करून पुन्हा पुश केलंय. आता काळजी नाही ना?"

काळजी होतीच. गिटमध्ये फाइल काढली की वर एक नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद चढते, जुने कमिट होते तिथेच राहतात.

```
git log --all --oneline -- .env
```

ही कमांड चालवली की त्या फाइलला हात लावणारे सगळे कमिट दिसतात. त्यातल्या जुन्या कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक घेऊन `git show` केलं, तर पासवर्डसकट सगळं समोर येतं.

ग्राहकाचा आग्रह होता की आधी इतिहास पुसा. आम्ही नाही म्हटलं. सार्वजनिक पुशवर नजर ठेवून बसलेले बॉट असतात, त्यामुळे अ‍ॅक्सेस की एकदा दिसली म्हणजे ती गेलीच असं धरून चालावं लागतं. एडब्ल्यूएसने त्या यूजरला क्वारंटाइनची पॉलिसी लावली होती. पण ती पॉलिसी फक्त काही धोक्याच्या कृती अडवते, अ‍ॅक्सेस की बंद करत नाही. आम्ही कमीत कमी परवानग्यांचा नवा यूजर काढला, त्याची की सर्व्हरवर टाकली आणि जुनी की इनअ‍ॅक्टिव्ह केली. शिवाय जुन्या यूजरवर सगळं नाकारणारी पॉलिसी लावली. कारण त्या कीवरून कोणी आधीच तात्पुरती टोकनं काढून ठेवली असतील, तर नुसती की बंद करून ती सगळी मरत नाहीत.

त्या रात्री बॅकअप फसला. कुठेही नोंद नसलेली एक स्क्रिप्ट तीच की वापरत होती. जुनी की पुन्हा चालू करायचा मोह अशाच वेळी होतो. आम्ही स्क्रिप्टला वेगळी की दिली आणि बॅकअप हाताने चालवून घेतला.

डेटाबेसचा पासवर्ड बदलणं सोपं होतं. सहीचं सिक्रेट बदलल्यावर मात्र सगळे वापरकर्ते एकदम लॉगआउट होणार होते, आणि ते व्हायलाच हवं होतं. जुनं सिक्रेट हातात असलेला माणूस कोणाच्याही नावाचं टोकन बनवू शकतो.

मग एडब्ल्यूएस खात्यातल्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या क्लाउडट्रेलमध्ये त्या कीच्या आयडीवर शोध घेतला, तोही प्रत्येक रीजनमध्ये वेगळा. पुश झाल्यावर थोड्याच वेळात अनोळखी आयपीवरून `GetCallerIdentity` आणि पाठोपाठ `ListBuckets` अशा नोंदी होत्या, म्हणजे की कोणाची आहे आणि खात्यात कोणते बकेट आहेत हे कोणीतरी पाहिलं होतं. नवी मशीन किंवा नवा यूजर तयार झालेला नव्हता. पण इव्हेंट हिस्टरीत मागचे 90 दिवसच मिळतात, आणि एस-थ्री या फाइल साठवायच्या सेवेतली एखादी फाइल कोणी उतरवली का, हे डेटा इव्हेंट नावाच्या नोंदी आधीपासून चालू नसतील तर कळत नाही. इथे ते बंद होते. त्यामुळे "काही चोरीला गेलं नाही" असं आम्ही लिहून दिलं नाही. काय दिसलं आणि काय दिसू शकत नाही, एवढंच लिहून दिलं.

इतिहासाची पाळी सगळ्यात शेवटी आली. ताज्या क्लोनवर हे चालवलं:

```
git filter-repo --invert-paths --path .env
```

`.env` ज्या कमिटमध्ये आली तिथपासून पुढचे सगळे हॅश बदलले, म्हणून सगळ्या ब्रँच आणि टॅग फोर्स पुश करावे लागले. तरी जुन्या हॅशने उघडलं तर फाइल गिटहबवर दिसतच होती. पुल रिक्वेस्टचे संदर्भ आपल्या पुशने बदलत नाहीत. ते आणि कॅशे काढायला गिटहबच्या सपोर्टला लिहावं लागलं. इतरांनी आपल्या खात्यात केलेल्या फोर्कवर आणि उतरवलेल्या प्रतींवर तर कोणाचाच ताबा नाही.

यानंतर ग्राहकाच्या एका डेव्हलपरने जुन्या क्लोनमधली ब्रँच पुश केली आणि वरच्या `git log`मध्ये `.env` परत उगवली. पुन्हा सफाई केली, आणि या वेळी प्रत्येकाला जुना फोल्डर काढून नव्याने क्लोन करायला लावलं. त्याआधी कोणालाही पुशची परवानगी दिली नाही.

आता दुसऱ्याचा कोड सांभाळायला घेताना पहिल्याच आठवड्यात आम्ही संपूर्ण इतिहासावर गिटलीक्स हे दडलेली सिक्रेट शोधणारं साधन चालवतो आणि प्रत्येक सिक्रेटची यादी करतो : ते कुठून मिळतं, कोणकोणत्या स्क्रिप्ट ते वापरतात आणि ते बदललं तर काय बंद पडेल. ग्राहकाला ही यादी बनवणं कटकटीचं वाटतं, पण ती पूर्ण झाल्याशिवाय आम्ही करारावर सही करत नाही.