लिफ्टची टिपणी

रविवारी दुपारी जेवून जरा आडवी होणार तेवढ्यात सेक्रेटरी काकांचा फोन. "अगं, लिफ्टचं पीपीटी ग्रुपवर टाकलंय बघ, त्याचं जरा लेखी करून दे ना, कमिटीपुढे मंजुरीला ठेवायचंय."

स्लाइड्स झकास होत्या. नवीन लिफ्ट 14 लाख, आणि खाली तीन वर्षांच्या दुरुस्तीखर्चाचे चढत जाणारे तीन खांब, 1.1, 1.6 आणि 2.3 लाख. असे खांब बघितले की मान आपोआप डोलते. पण 'खर्च दरवर्षी वाढतोय' असं लिहिलं की पुढचं वाक्य 'कारण' ने सुरू करावं लागतं, आणि तिथे गाडी अडली. बिलं मागवली, तर शेवटच्या वर्षात 90 हजार नुसत्या दोरांचे, आणि दोर काय दरवर्षी बदलत नाहीत. ते काढले तर उरतात 1.4 लाख, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा कमीच. झालं, खांब कोसळला!

मग मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, ताई, तुमच्या कंट्रोलरचं कार्ड आता बनतच नाही, मी कुठल्या तरी काढून टाकलेल्या लिफ्टचं शोधून आणतो, ते मिळेपर्यंत लिफ्ट बंद. खरं कारण हे, आणि ते एकाही स्लाइडवर नाही.

आमचे बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क. सातवीत मी सायकल मागितली तर म्हणाले, लिहून आण. का हवी, नाही घेतली तर काय होईल, जुनी दुरुस्त का नाही करायची, पैसे कुठून येणार. मी रडले, मग लिहिलं, शेवटी 'सबब, मंजुरीस सादर' पण टाकलं. सायकल मिळाली, सेकंडहँड. तेव्हापासून खर्चाच्या कागदावर 'अंदाजे' आणि 'इत्यादी' दिसलं की माझं डोकं फिरतं.

इथे तर 14 लाखांच्या कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा, सिव्हिल काम सोसायटीकडे'. 18 टक्क्यांनी 2.52 लाख, गवंडीकाम 1.2, एकूण 17.72. सिंकिंग फंडातून 9 लाख घेतले तर उरलेले 8.72 लाख चाळीस फ्लॅटांवर, म्हणजे घरटी 21,800. हा आकडा मी मुद्दाम पहिल्या परिच्छेदात घेतला, नाहीतरी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. नुसता कंट्रोलर बदलला तर काय, तेही लिहिलं, कारण कोणीतरी विचारणारच: केबिन आणि दरवाजे जुनेच राहतात, पण खर्च निम्म्याहून कमी. आणि सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, म्हणून कमिटीकडे मंजुरी मागितली ती विषय सभेपुढे ठेवायची, खर्चाची नाही.

दोन पानं झाली. काकांनी वाचली आणि म्हणाले, "छान आहे गं, पण ते खांब कुठे गेले?"

आता काय सांगणार, म्हटलं चिकटवा मागे.