मानपाड्याला दुसरी शाखा, मोदक मात्र तिथलेच

"मानपाड्याचं दुकान उघडलं की मोदक इथूनच पाठवणार ना?" नौपाड्याच्या काउंटरवर काल एका काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता.

नाही पाठवणार. पेढे, बर्फी, चिवडा इथूनच जाईल, त्यांना प्रवास सोसतो. उकडीच्या मोदकाला सोसत नाही. गरम असताना डबा बंद केला की झाकणाला वाफ धरते, तिचे थेंब पडून पारी चिकट होते. उघडा ठेवला तर वाऱ्याने सुकून कळ्यांपाशी तडकते. त्यात घोडबंदर रोडचा ट्रॅफिक!

म्हणून येत्या दसऱ्याला मानपाड्याची शाखा सुरू होतेय ती स्वतःच्या मोदकपात्रासह. उकड तिथेच निघेल, वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, आणि गरम असतानाच मळली जाईल. संकष्टीची ऑर्डर आदल्या दिवशी द्या, घ्यायची वेळही सांगा, म्हणजे घाणा त्या हिशोबाने लावता येईल.

घरी नेल्यावर फ्रिजमध्ये नको, पारी कडक होते. झालीच तर पाच मिनिटं पुन्हा वाफवा.

घोडबंदरकर, संकष्टीला मोदक किती वाजता लागतात तुम्हाला? चंद्रोदयाच्या आधी किती वेळ?