परतल्यानंतरच्या अठ्ठावीस गोळ्या

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये पुण्यातलं एक कुटुंब आलं. आईवडील, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. १४ ते १८ नोव्हेंबर भामरागडच्या जंगलात राहायचं ठरलं होतं. गडचिरोलीचा तो भाग मलेरियाचा, त्यातही फाल्सिपेरम या जीवघेण्या जातीच्या मलेरियाचा.

प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं आणि हात थांबला. दोन वर्षांपूर्वी तिकडूनच आलेला एक तरुण आठवला. परतल्यावर चार आठवडे गोळ्या घ्या, असं मीच लिहून दिलं होतं. पण घरी पोचल्यावर, आता कुठले डास, म्हणून त्याने त्या बंद केल्या. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. दोन दिवस तो पॅरासिटामॉलवर राहिला आणि तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा घरच्यांनी त्याला अतिदक्षता विभागात नेलं. वाचला. चार आठवडे का, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, ही बोच मात्र माझ्या मनातून गेली नाही.

म्हणून या कुटुंबाला मी चिठ्ठीऐवजी पत्र लिहिलं. सुरुवात अशी केली: "डास चावला की मलेरियाचे जंतू आधी यकृतात जातात. तिथे ते आठवडाभर, कधी त्याहून जास्त, वाढत राहतात. डॉक्सिसायक्लिन, म्हणजे तुमची रोजची गोळी, त्यांना मुख्यतः रक्तात उतरल्यावर मारते. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू तुम्ही पुण्यात असताना रक्तात उतरतील. त्या वेळी गोळी पोटात हवी."

मग तारखा. आईवडील आणि मुलगा (वजन ४६ किलो) यांना १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, १२ नोव्हेंबरपासून १६ डिसेंबरपर्यंत. प्रत्येकाच्या पस्तीस गोळ्या झाल्या. आधीच्या दोन, जंगलातल्या पाच आणि परतल्यानंतरच्या अठ्ठावीस. हा हिशोब वडिलांनी दोनदा वाचला. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आई लोहाची गोळी घेत होती. लोहामुळे डॉक्सिसायक्लिन नीट शोषलं जात नाही, म्हणून एक सकाळी, दुसरी रात्री. त्या गरोदर नाहीत ना, हे आधी विचारून घेतलं होतं. तसं असतं तर हे औषध दिलंच नसतं.

आठ वर्षांखालच्या मुलांना मी ही गोळी देत नाही. मुलीला मेफ्लोक्विन दिलं, तिच्या २२ किलो वजनाला आठवड्यातून अर्धी गोळी. तिला कधी फिट आली होती का, हे आधी विचारलं, कारण तशा मुलांना हे औषध चालत नाही. पहिली अर्धी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे निघण्याआधी दोन आठवडे, आणि शेवटची १२ डिसेंबरला. एवढ्या लवकर सुरू करण्याचा आणखी एक फायदा असतो. वाईट स्वप्नं, चक्कर, घाबरणं असं काही झालंच, तर औषध बदलायला वेळ हाताशी राहतो.

गोळ्या घेतल्या तरी डास चावू द्यायचा नाहीच. मलेरियाचा डास दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळी पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि उघड्या त्वचेवर डास पळवणारं, वीस ते तीस टक्के डीईईटीचं मलम. लहान मुलांच्या तळहातांना ते लावायचं नाही, हात डोळ्यांत आणि तोंडात जातात. मच्छरदाणी मी तपासणीच्या टेबलावरच लावून दाखवली, कडा गादीखाली खोचून. मुलगा आत आडवा झाला तर त्याचं कोपर जाळीला टेकलं. त्या जागी मी बाहेरून बोट लावलं. "डास इथूनच चावतो," म्हटलं. कोपर लगेच आत गेलं. मच्छरदाणी कीटकनाशक लावलेली घ्या आणि ऐसपैस घ्या, हे पत्रात अधोरेखित केलं.

शेवटचा परिच्छेद तापाबद्दल होता. जंगलात पाऊल ठेवल्यापासून आठवडा उलटल्यावर कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना भामरागडचं नाव सांगायचं. व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि या गोळ्यांना दाद देत नाहीत, म्हणून हे वर्षभर लक्षात ठेवायचं.

२९ नोव्हेंबरला आईचा फोन आला. "डॉक्टर, मुलीला १०१ ताप आहे, खोकलाही आहे. आम्ही लॅबमध्येच उभे आहोत." मलेरियासाठी रक्ताच्या स्मिअर आणि रॅपिड टेस्ट दोन्ही निगेटिव्ह आल्या. पण सुरुवातीला रक्तात जंतू इतके थोडे असतात की एका तपासणीत ते सुटू शकतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. पोर रडली, पण आईने नेटाने नेलं. तिसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला तोवर ताप उतरला होता. साधी सर्दी होती. ५ डिसेंबरची अर्धी गोळी तिने ठरल्या दिवशी घेतली.