अर्ज रात्रीचा, शूटिंग दुपारी चारला

अकरा दिवस. रात्री किनाऱ्यावर दिवे लावायची परवानगी मिळणार नाही, एवढं एक वाक्य ऐकायला मला अकरा दिवस लागले. आधी अर्ज दोन प्रतींत हवा होता, मग तीन. मग साहेब दौऱ्यावर. मग नकाशा जोडा. नकाशा जोडल्यावर टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांनी तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "इथं तर कासवांची घरटी आहेत. मार्चमध्ये लाइट कुठून लावणार तुम्ही?"

कारण शंभर टक्के बरोबर होतं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे उजेड जास्त, तिकडे चालू लागतात. रात्री तो उजेड समुद्राकडे असायला हवा, आमच्या जनरेटरकडे नाही. पण हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दिव्यांचा ॲडव्हान्स तरी वाचला असता. म्हणून पहिला सल्ला: रत्नागिरी जिल्ह्यात हिवाळा-उन्हाळ्यात किनाऱ्यावर रात्र शूट करायची असेल, तर अर्जाआधी गावातल्या कासवमित्राला फोन करा.

हातात उरले दोन दिवस आणि एकच सीन. नवऱ्याची होडी परतलेली नाही, बायको कंदील घेऊन पाण्याच्या कडेने चालत येते, ओढून ठेवलेल्या एका होडीपाशी थांबते. मग ठरलं, दिवसाची रात्र करायची. फ्रेंच लोक या युक्तीला 'अमेरिकन रात्र' म्हणतात. माझी पहिली रात्र मात्र अमेरिकन नव्हती, कोकणी नव्हती, कसलीच नव्हती.

सकाळी अकराला मी सगळे करतात तेच केलं. एक्सपोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे पाव उजेडावर घेतलं, व्हाइट बॅलन्स ३२०० वर टाकला, सगळं निळं झालं. उन्हात मॉनिटर काळाच दिसत होता, म्हणून घाबरून अर्धा स्टॉप परत उघडला. संध्याकाळी खोलीवरच्या टीव्हीवर लावलं तर ती नीळ जास्त झालेली दुपार होती. आकाश पांढरं फटक, नाकाखाली काळी सावली, कोरडी वाळू चुन्यासारखी चमकतेय. तेव्हापासून मॉनिटर बघताना डोक्यावर काळं कापड घेतो, आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवता उजेड आकड्यांत दाखवणारा वेव्हफॉर्म बघतो.

त्याच संध्याकाळी होडीचे मालक तात्या शेजारी येऊन बसले होते. मी त्यांना विचारलं, चांदण्यात किनाऱ्यावरून येणारा माणूस तुम्हाला कसा दिसतो? ते म्हणाले, "तोंड कुठं दिसतंय? चालीवरून ओळखतो आम्ही. तोंड जवळ आल्यावर, बत्ती धरली की."

माझं अडलेलं सगळं तिथेच होतं. मी लांबच्या शॉटमध्येही चेहरा दाखवायला बघत होतो, आणि चेहरा दिसावा म्हणून सगळा किनाराच उजळत होता. पौर्णिमेचा चंद्रसुद्धा सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो. ती रात्र खरी मोजून कॅमेऱ्यात आणायचीच नसते, पडद्यावर कुठे किती काळं ठेवायचं हे ठरवायचं असतं. लांबच्या शॉटमध्ये कड आणि चाल, जवळच्या शॉटमध्ये कंदील. एवढी वाटणी झाल्यावर बाकीचं जुळवाजुळवीचं काम होतं.

पहिली जुळवाजुळव सूर्याची. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे पाण्याकडे कॅमेरा ठेवला की दुपारनंतर सूर्य पात्राच्या पाठीमागे जातो. केसांवर, खांद्यावर उजेडाची बारीक कड येते आणि पाण्यावर चकाकी पडते, ती थेट चांदण्यासारखी. आम्ही चार ते पाच एवढाच तास वापरला. त्याआधी सूर्य डोक्यावर असतो, त्यानंतर उजेड पिवळा पडतो आणि सूर्य थेट लेन्सवर येतो. पोलरायझर मी काढून ठेवला, कारण तो नेमकी हवी असलेली चकाकीच खातो.

दुसरी आकाशाची. दिवसाचं आकाश कितीही खाली ओढा, ते दिवसाचंच राहतं. त्याला सोपा उपाय एकच, ते दाखवायचं नाही. आम्ही धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर ट्रायपॉड चढवला आणि कॅमेरा खाली झुकवला, क्षितिज फ्रेमच्या वर गेलं. वाळूसाठी ओहोटी बघितली. ओली वाळू कोरडीपेक्षा बरीच गडद, त्यामुळे पायांखालचा उजेड आपोआप उतरला. (भरती-ओहोटीची वेळ आणि चार ते पाच हा तास जुळायला हवा. आमची जुळली ती नशिबाने. तुम्ही आधी बघा.)

आता चेहरा. तिची पाठ सूर्याकडे, म्हणजे चेहरा स्वतःच्याच सावलीत. स्पॉट मीटरने मोजलं तर उन्हातल्या कडेपेक्षा गाल तीन स्टॉप खाली. कड नेहमीपेक्षा एक स्टॉप खाली ठेवायची ठरवली, म्हणजे गाल चार स्टॉप खाली गेला. तो काळाच. कॅमेऱ्याच्या बाजूने पांढरं थर्मोकोल सरकवत सरकवत गाल दोन स्टॉप खाली, इथपर्यंत आणला. ओळखू येतो, पण उजळ वाटत नाही. थर्मोकोल आणखी जवळ घेतलं की चेहरा सपाट होतो, आणि 'कुणीतरी उजेड मारतोय' हे लगेच कळतं. मेकअपवाल्या ताईंनी गालाच्या हाडावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, त्याचा फायदा माझ्या अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त झाला. सावळी कातडी काळोखात उजेडाने कमी आणि तकाकीने जास्त दिसते.

जवळचा शॉट होडीच्या सावलीत घेतला, कारण उघड्या उन्हात कंदील पेटलाय की विझलाय तेच कळत नाही. आत ज्योतीऐवजी बॅटरीवरचा पिवळा एलईडी बल्ब, आणि फ्रेमबाहेर त्याच बाजूने, त्याच रंगाचा छोटा पॅनल. व्हाइट बॅलन्स या वेळी ३२०० वर नाही, ४३०० वर. ३२०० वर कंदील पांढरा पडतो आणि ऊन गडद निळं होतं. मधल्या आकड्यावर कंदील उबदार राहतो आणि ऊन जेमतेम निळसर. उजेडाकडचा गाल वेव्हफॉर्मवर ३० च्या आसपास, दुसरा जवळजवळ तळाला.

रंगाचं आणखी एक, एडिटला बसल्यावर कळलेलं. चांदणं म्हणजे परत आलेलं ऊनच, ते निळं नसतं. मंद उजेडात आपल्या डोळ्याला तांबडा आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा टिकतो. म्हणून निळा ओतण्यापेक्षा तांबडा कमी करा. तिची लाल साडी जवळपास काळी झाली तेव्हा ती रात्र वाटली. फक्त कंदिलाकडच्या गालाचा रंग तसाच राहू द्या, नाहीतर बाई आजारी दिसते.

आणि हो, कॅमेऱ्यातच फार खाली जाऊ नका. सावल्यांत दाणे येतात, मग ते कशानेच जात नाहीत. शेवटचा स्टॉप-दीड स्टॉप आम्ही ग्रेडिंगमध्ये उतरवला.

पोरं, क्रिकेट आणि पॅरासेलिंग आवरायला एक माणूस ठेवला होता. कावळ्यांना आवरायला कुणी नव्हतं. तिसऱ्या शॉटमध्ये, ऐन मध्यरात्री, डावीकडून एक कावळा निवांत उडत जातो. दिग्दर्शकाला तो अजून दिसलेला नाही.