आणलं थोरल्याला, भरती केलं धाकट्याला

खानापूर तालुक्यातलं कुटुंब. थोरला नऊ वर्षांचा, त्याचे टॉन्सिल काढून टाका, एवढंच वडिलांचं म्हणणं. वर्षात सात-आठ वेळा घसा धरला, असं सांगत होते. बेळगावात येईपर्यंत ऑपरेशन ठरवूनच आले होते म्हणा ना.

जुन्या चिठ्ठ्या मांडून एकेक आजारपण विचारत गेलो. बहुतेक वेळा नाक गळत होतं, खोकला होता, ताप शंभरच्या आतबाहेर. हे सर्दीचे घसे. मोजायचा तो ताप 101 च्या वर गेलेला, टॉन्सिलवर पांढरा पू, मानेत दुखऱ्या गाठी किंवा स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सापडलेला. यातलं एक तरी लक्षण घसादुखीसोबत असायला हवं. असे झटके वर्षात 7, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा तीन वर्षं दरवर्षी 3 झाले, तर ऑपरेशनचा विचार. याचे जेमतेम दोन निघाले. अशी बरीच मुलं आपोआप सुधारतात, म्हणून तारीख, ताप आणि घशात काय दिसलं ते वहीत लिहायला सांगितलं.

बोलणं चालू असताना माझं लक्ष आजीच्या मांडीवर होतं. चार वर्षांचा धाकटा भर अकरा वाजता झोपलेला, तोंड उघडं, मान मागे टाकलेली.

“आजी, हा रात्री घोरतो का?”

“घोरतंय तर! मधीच गप्प होतंय, मग दचकतंय. मी हलवतो त्याला.”

वडील हसले, “आमच्या घरात सगळेच घोरतात, डॉक्टर. याचा घसा तर कधी दुखत नाही.”

वजन साडेबारा किलो. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं. घशात दोन्ही टॉन्सिल पडजिभेला टेकलेले. नुसते मोठे टॉन्सिल दिसले म्हणून मी कुणाला टेबलावर घेत नाही; पण इथे श्वास अडत होता, वाढ खुंटली होती. झोपेतला व्हिडिओ मागवला. त्यात छाती आत ओढली जात होती, पोट हलत होतं, आणि काही सेकंद श्वासाचा आवाजच नव्हता. म्हणजे मूल जोर लावतंय, हवा जात नाही. दोन वर्षांखालचं, लठ्ठ किंवा डाऊन सिंड्रोमचं मूल असतं, किंवा तक्रार आणि तपासणी जुळत नसती, तर आधी झोपेची चाचणी करायला पाठवलं असतं. इथे सगळं जुळत होतं.

टॉन्सिलबरोबर नाकामागचे अॅडेनॉइडही काढले. अशा मुलांचा श्वास ऑपरेशनच्या रात्रीही अडू शकतो, म्हणून ऑक्सिजनचं मीटर लावून रात्रभर ठेवला. दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. कोडीन या वयात देतच नाही.

उरली रक्तस्रावाची भीती. खपली निघताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, रक्त येऊ शकतं, आणि गावाहून रात्री गाडी मिळणं कठीण. शहापुरात मावशी राहते म्हणाले. मग दहा दिवस मुक्काम तिथेच ठरवला, आणि थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर फोन करत न बसता थेट कॅज्युअल्टीत यायचं, हे आजीकडून दोनदा वदवून घेतलं.